फोटोतला लोगो फोटोतच दुरुस्त करू नका

सीताफळाच्या पल्पच्या डब्याचं लेबल घ्या. आपल्या बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे, त्यामुळे अशी लेबलं इकडे भरपूर छापली जातात. लेबलच्या फोटोतच लोगो बसलेला असतो: हिरवं पान आणि पांढऱ्या पट्टीवर खाली काळ्या रंगात बारीक नाव. नाव थोडं बदलायचंय. आपण काय करतो? फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, कुणीतरी मोबाईलवर नाव बदलून परत पाठवतो आणि तीच फाईल प्रेसला जाते. स्क्रीनवर सगळं झकास दिसतं. माझ्या मते बिघाड इथेच होतो, प्रेसमध्ये नाही.

कारण मोबाईल ॲप आरजीबीत काम करतं. प्रेसवाला ती फाईल परत सीएमवायकेत आणतो, पण जुने आकडे काही परत येत नाहीत. आधी नावाचा काळा रंग ०/०/०/१०० होता, म्हणजे फक्त काळी शाई. आता फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन SWOP सेटिंगमध्ये तोच काळा ७५/६८/६७/९० होतो. एकूण शाई ३०० टक्के! चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षराला रंगीत कडा येते. पानाचा हिरवाही असाच बदलतो.

मी स्वतः असं करतो. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवतो. फोटोशॉपमध्ये उघडताना प्रोफाईल जुळत नाही असं विचारलं, तर `Use the embedded profile` निवडतो. प्रेसला दुसरं प्रोफाईल हवं असेल तर `Convert to Profile` आत्ताच, लोगो बसवायच्या आधी. कारण कन्व्हर्ट केलं की फोटोचा रंग दिसायला तसाच राहतो, आकडे मात्र बदलतात. फोटोला ते चालतं, लोगोला नाही. (`Assign` वेगळं हं; त्यात आकडे तेच राहतात, दिसणं बदलतं.) मग जुना लोगो बॅकग्राउंडने झाकून फोटो सीएमवायके टिफमध्ये सेव्ह करतो.

नवीन लोगो कोरलमध्ये व्हेक्टर म्हणून वरून बसवायचा. पान ८०/१५/१००/०, नाव ०/०/०/१००, आकडे हाताने टाकायचे. पीडीएफ काढताना रंग `Native` ठेवायचे, नाहीतर शेवटच्या पायरीला पुन्हा सगळं बदलतं.

तपासायला ॲक्रोबॅट प्रोमध्ये `Output Preview` उघडा आणि काळ्याची खूण काढा. नाव पूर्ण गायब झालं तर फाईल बरोबर. रंगीत भुतासारखं दिसत राहिलं तर त्यात चारही शाया आहेत, फाईल परत पाठवा.

आकडे तेच असले तरी साध्या कागदावर आणि चकचकीत कागदावर हिरवा वेगळाच दिसणार, ते कुणाच्या हातात नाही. म्हणून पूर्ण ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर एक प्रूफ मागा, आणि ऑर्डरच्या कागदावर चारही आकडे लिहून द्या. "आधीच्यासारखा हिरवा" असं लिहू नका, प्रेसवाल्याला त्यातून काहीच कळत नाही.