क्षयाचे औषध आणि निकामी ठरणारी गोळी

क्षयरोगाचे उपचार सुरू करताना ‘लघवी लालसर-केशरी होईल, घाबरू नका,’ असे आम्ही रुग्णाला सांगतो. रिफाम्पिसिन या औषधाचा तो निरुपद्रवी परिणाम असतो. पण याच औषधामुळे गर्भनिरोधक गोळी निकामी होऊ शकते, हे मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते.

समजा, एक तरुणी रोज न चुकता माला-एन घेते. त्यातल्या प्रत्येक हार्मोनच्या गोळीत इस्ट्रोजेन अवघे ३० मायक्रोग्रॅम असते. बीजनिर्मिती थांबवण्यासाठी दोन्ही हार्मोन्सची रक्तातली पातळी टिकून राहावी लागते. आपले यकृत आणि आतड्याचे अस्तर एन्झाइमच्या मदतीने या हार्मोन्सचे विघटन करत असतात. गोळीची मात्रा हा हिशेब धरूनच ठरवलेली असते. रिफाम्पिसिन नेमका हाच हिशेब बिघडवते. ते पेशींना ही एन्झाइम जास्त प्रमाणात तयार करायला लावते. आठवडा-दोन आठवड्यांत हा परिणाम पूर्ण होतो आणि हार्मोन्स शरीरातून भराभर नाहीसे होऊ लागतात. गोळी वेळेवर घेऊनही संरक्षण उरत नाही.

मधेच रक्तस्राव झाला तर ती धोक्याची खूण समजावी. पण रक्तस्राव झाला नाही म्हणजे गोळी काम करते आहे, असे मानू नये. एकाऐवजी दोन गोळ्या घेणे हाही उपाय नाही. संबंधांनंतर घ्यायची आपत्कालीन गोळीही अशा वेळी कमजोर पडते. त्याऐवजी पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे अधिक खात्रीचे.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि रिफाम्पिसिन शेवटपर्यंत चालते. ते बंद झाले तरी वाढलेली एन्झाइम लगेच कमी होत नाहीत. म्हणून उपचार संपल्यावरही चार आठवडे दुसरे साधन वापरावे. तांबी किंवा तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन यांवर रिफाम्पिसिनचा तसा परिणाम होत नाही. दोन्ही सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात.

प्रत्येक अँटिबायोटिकमुळे असे होत नाही. सर्दी-खोकल्यात दिल्या जाणाऱ्या अमॉक्सिसिलिनसाठी गोळी बंद करायचे कारण नाही. आणि गोळीच्या काळजीने क्षयाचे औषध तर मुळीच थांबवू नये. बदलायचे आहे ते गर्भनिरोधनाचे साधन.

सरकारी रुग्णालयात क्षयाचे औषध एका खिडकीवर मिळते आणि माला-एन दुसऱ्या. दोन्ही खिडक्यांवर जाणारी बाई एकच असते, पण तिच्या हातातले कागद दोन. माझ्या मते, पहिला डोस देण्याआधी ‘गर्भनिरोधनासाठी काय वापरता?’ हे विचारणे सक्तीचे करावे आणि उत्तर उपचारपत्रिकेवर नोंदवावे. त्याला खर्च काहीच येत नाही. न विचारल्याची किंमत मात्र, आधीच आजाराने थकलेल्या त्या बाईला नको असलेल्या गर्भारपणाच्या रूपाने मोजावी लागते.