पाटाची बाई आणि शास्त्र्यांचं पुस्तक

‘हिंदू कायदा हजारो वर्षांचा आहे’ असं वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्यावर शंका घ्यायचंही सुचत नाही. पण कोर्टात ज्याला हिंदू कायदा म्हणतात, तो घडवायला सुरुवात झाली 1772 मध्ये, वॉरन हेस्टिंग्जच्या न्यायव्यवस्थेच्या आराखड्यात. वारसा, लग्न, जात या बाबतीत हिंदूंना ‘शास्त्र’ लागू करायचं, असं त्यात ठरलं. हिंदूंचं जगणं शास्त्रात लिहिलेलं असतं, हे त्याने गृहीतच धरलं. कोणत्या हिंदूंचं, हा प्रश्न त्याला पडला नाही.

मग शास्त्र शोधणं आलं. बंगालात 11 पंडितांनी एक संस्कृत ग्रंथ रचला. त्याचा फारसी अनुवाद झाला आणि फारसीवरून हॅलहेडने इंग्रजी केला, तो 1776 मध्ये छापला गेला. कोर्टात पंडित नेमले गेले. न्यायाधीश प्रश्न पाठवायचा, पंडित ‘व्यवस्था’ लिहून द्यायचा. विल्यम जोन्सला पंडितांचा भरवसा वाटेना, म्हणून तो स्वतः संस्कृत शिकला आणि 1794 मध्ये मनुस्मृती इंग्रजीत आली. म्हणजे संशय माणसांवर होता, पोथीवर नव्हता. 1864 मध्ये कोर्टातली पंडितांची पदं रद्द झाली. तोवर त्यांचं म्हणणं पुस्तकांत आणि निकालांत उतरलेलं होतं.

आपल्या मुंबई इलाख्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. एल्फिन्स्टनच्या 1827 च्या कायद्यात रूढीला शास्त्राआधी स्थान होतं. स्टीलने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचं पुस्तकच केलं. पण पुढे वेस्ट आणि ब्यूलर यांनी कोर्टातल्या शास्त्र्यांची उत्तरं एकत्र करून ग्रंथ काढला आणि वकिलांच्या टेबलावर मिताक्षरा व व्यवहारमयूख बसले. जातीची रूढी सांगणाऱ्याला ती साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागे, पोथीला पुरावा लागत नसे. गरीब शेतकरणीने पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालीचे साक्षीदार कुठून आणायचे?

आता पाट घ्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक बहुजन आणि अस्पृश्य जातींत विधवा पाट लावत होती. त्याला कुणा सुधारकाची परवानगी लागत नव्हती. 1856 चा विधवा पुनर्विवाह कायदा आला तो ज्यांच्यात असं लग्न निषिद्ध होतं त्यांच्यासाठी. त्याच्या दुसऱ्या कलमात मात्र एक अट होती: पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडून आलेल्या मालमत्तेवरचा हक्क संपला, जणू ती मेलीच. यामागची कल्पना शास्त्राचीच. विधवा ही नवऱ्याचं उरलेलं अर्धं अंग, म्हणून ती त्याची मालमत्ता सांभाळते. दुसऱ्याची झाली की अंग तुटलं.

जिला लग्नासाठी हा कायदा लागलाच नाही, तिला ही अट का लागावी? अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने ती लागत नाही असं म्हटलं. मुंबईच्या पूर्णपीठाने विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात नेमकं उलट ठरवलं: जातीत पुनर्विवाहाची चाल असली तरी पाट लावल्यावर बाईचा हक्क जातो. कुणी म्हणेल, अनेक जातींत पाट लावणारी बाई पहिल्या घरची जमीन सोडतच होती. असेलही. पण जातीची चाल पंचांसमोर वाकवता येते, तडजोड होते, मुलांसाठी तुकडा राखला जातो. छापील निकाल वाकत नाही.

आणि गंमत बघा. 1880 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोनीराम कोलिता खटल्यात ठरवलं होतं की एकदा वारसा मिळाल्यावर विधवा ‘बदचलन’ निघाली तरी तिची मालमत्ता जात नाही. म्हणजे लग्नाशिवाय पुरुषाबरोबर राहिली तर जमीन तिची. चार माणसांत पाट लावला तर जमीन दिराची. ब्राह्मणी विधवाधर्माची किंमत तो धर्म कधीच न पाळणाऱ्या बाईकडून वसूल झाली!

म्हणूनच संविधान सभेत हिंदू कोड बिलावर बोलताना बाबासाहेबांनी घटस्फोटाच्या मुद्द्यावर शूद्रांकडे बोट दाखवलं. घटस्फोट त्यांच्यात रूढीने चालत आलाच आहे आणि हिंदूंत बहुसंख्य तेच आहेत. मग देशाचा कायदा मूठभरांच्या चालीवर का बेतायचा, असा त्यांचा सवाल होता. ‘हिंदू धर्म बुडाला’ म्हणून ओरडणारे ज्या धर्माची बाजू घेत होते, त्याचा बराचसा मजकूर कलकत्ता, मुंबई आणि लंडनच्या न्यायाधीशांनी लिहिलेला होता.

1956 च्या वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या संपत्तीत पूर्ण मालकी दिली. 1856 चा तो कायदा मात्र 1983 पर्यंत पुस्तकात होता. आणि मेलेल्या मुलाची बायको वारसा उघडण्याआधी पुन्हा लग्न करून गेली तर तिला वारसा नाही, हे 1956 च्याच कायद्यातलं 24 वं कलम हटायला 2005 उजाडलं.