पत्रातलं वाक्य तोंडात मावत नाही

आमच्याकडे एक वाक्य फार सहज फेकलं जातं. मराठी माणूस म्हणतो, ‘कानडीत प्रेमाचं बोलायची सोयच नाही, सगळं कसं दगडासारखं.’ कानडी माणूस म्हणतो, ‘मराठी माणसं कोरडी, त्यांना गोड बोलायला येतंच कुठं?’ बेळगावात राहून ही दोन्ही वाक्यं मी पन्नास वर्षं ऐकत आले आहे. दोन्ही खोटी आहेत. ती इतकी खोटी आहेत, की गेल्या वर्षी त्यांच्यापायी आमच्या घरातलं एक ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं.

माझ्या भाच्याचं गोकाककडच्या एका मुलीशी ठरलं. घरात ती कानडी बोलते, मराठी तिला समजतं. भाचा मराठी शाळेतला. कानडी तो विषय म्हणून शिकलेला, मार्क चांगले पडलेले. साखरपुडा ते लग्न यात पाच महिने होते. मुलीला पत्रांची हौस. म्हणून हा तिला कानडीतून पत्रं लिहू लागला आणि शेवटी एक ओळ घालू लागला, ‘नानु निन्नन्नु प्रीतिसुत्तेने.’ मुलीनं ती पत्रं जपून ठेवली. आईलासुद्धा वाचू दिली नाहीत.

मग एकदा दोघं समोरासमोर बसले असता यानं तीच ओळ तोंडानं म्हटली. मुलगी हसली. तोंडावर पदर दाबून हसली. हा उठून बाहेर गेला आणि घरी येऊन म्हणाला, ‘आत्ती, तिला मी आवडत नाही. माझी चेष्टा करते ती.’ मागून माझ्या भावानं तेच वाक्य फेकलं, ‘तरी मी म्हणत होतो, त्या भाषेत मायाच नाही.’

मी मुलीला फोन केला. ती रडवेली झाली होती. म्हणाली, ‘मी त्यांना हसले नाही हो. त्यांच्या तोंडून एकदम रेडिओवरच्या बातम्या सुरू झाल्यासारखं वाटलं.’

सगळं उत्तर यातच आहे, पण ते नीट उलगडून बघायला हवं. कानडीत लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांत मराठीपेक्षा जास्त अंतर आहे. कागदावर ‘निन्नन्नु’ लिहितात, तोंडात त्याचं नुसतं ‘निन्न’ होतं. कागदावरचं ‘प्रीतिसुत्तेने’ तोंडात ‘प्रीतिस्तीनि’ होतं, मधला उकार गिळला जातो. सुरुवातीचा ‘नानु’ म्हणजे मी. तो तर बहुतेक वेळा लागतच नाही, कारण ‘मी’ क्रियापदाच्या शेवटातच बसलेला असतो. तो मुद्दाम उच्चारला, की ‘दुसरा कुणी नव्हे, मी’ असा ठसका येतो. भाच्यानं हे तिन्ही पुरेपूर म्हटलं. दहा अक्षरं, एकही न गिळता. अशी पूर्ण रूपं त्या मुलीनं आयुष्यात ऐकली होती ती बातम्यांत, शाळेच्या धड्यात आणि स्टेजवरच्या भाषणात. घरात कुणी तसं बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

मग पत्रात तीच ओळ गोड का लागली? कारण कागदावर ती आपल्या जातीच्या वाक्यांत बसली होती. वरखालच्या सगळ्या ओळी तशाच पूर्ण रूपांच्या. शिवाय वाचणारी ती आपल्या मनातल्या आवाजात वाचते, हवं तिथं थांबते, पुन्हा मागं जाते. आपण मराठीतही हेच करतो की! पत्रात ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ लिहिलेलं असतं आणि मन ते ‘माझं’ असं वाचतं. आता कुणी समोर उभं राहून ‘माझे’ म्हणालं, तर आपल्यालाही सत्कार समारंभ आठवेल.

पण नुसती रूपं आखूड केली की झालं, असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. भाच्याला कुणीतरी तेच शिकवलं, ‘निन्न प्रीतिस्तीनि म्हण.’ ताठरपणा कमी झाला, गेला नाही. कारण घोटाळा वाक्याच्या बांध्यातच होता. मनात त्यानं आधी मराठी वाक्य केलं होतं, ‘मी तुझ्यावर प्रेम करतो.’ तेही आपल्या तोंडचं नव्हेच, सिनेमातल्या इंग्रजी वाक्याच्या साच्यातून काढलेलं. मी कर्ता, तू कर्म, मध्ये प्रेम नावाचं काम. आपण स्वयंपाक करतो, नोकरी करतो, हिशेब करतो. भूक मात्र करत नाही, ती आपल्याला लागते. आठवण येते, लाज वाटते, माणूस आवडतं. जे मनाला आपोआप होतं, ते आपण ‘मला’नं सुरू करतो. कानडीही अगदी तसंच करते, तिथं ‘ननग’ येतं. मराठी आणि कानडी वेगवेगळ्या कुळांतल्या, पण या बाबतीत शेजारणींसारख्या एकाच चुलीवर शिजवतात. माया नाही म्हणणाऱ्यांनी हे जरा ऐकावं.

मी त्याला म्हटलं, ‘तिच्या गावाकडं काय म्हणतात ते तिलाच विचार.’ त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, ‘नी अंद्र ननग भाळ इष्ट.’ शब्दाला शब्द ठेवून पाहा, ‘तू म्हणजे मला लई आवडतीस.’ यात प्रेम हा शब्दच नाही, आणि तरी कमी काय पडलं?

इथं एक सावधगिरी मात्र हवी. हाच भाचा उद्या तिच्या आजीच्या ठसक्यात बोलू लागला, तर ती पुन्हा हसेल आणि या वेळी खरंच चेष्टा वाटून. परक्यानं अति गावरान बोलणं हेही सोंगच. म्हणून मी त्याला एक परीक्षा दिली, ती कुठल्याही भाषेत चालते. प्रेमाचं वाक्य म्हण आणि त्याच श्वासात ‘चहा घेतलास का?’ असं विचार. दुसऱ्या वाक्याला आवाज बदलावा लागला, तर पहिलं कागदावरचं आहे, ते कागदावरच राहू दे.

आणि राहू दे म्हणजे टाकून दे असं नव्हे. ‘प्रीतिसुत्तेने’ पत्रात लिहीतच राहा, असं मी त्याला बजावलं. तिथं ती पूर्ण रूपं आदर दाखवतात, बसून मन लावून लिहिल्याची खूण देतात. पत्रात ‘भाळ इष्ट’ लिहिलं असतं, तर कदाचित तिला ते घाईत खरडल्यासारखं वाटलं असतं. घरच्या चपला देवळात चालत नाहीत आणि देवळातली सोवळी स्वयंपाकघरात अडखळवतात. दोष चपलांचाही नाही आणि सोवळ्याचाही नाही.

लग्न झालं. माझा भाऊ अजून अधूनमधून म्हणतो, त्या भाषेत माया नाही. परवा त्याच्या सुनेनं त्याला ताट वाढलं आणि मीठ कमी पडलंय का ते विचारलं, कानडीत. ‘माझी मायाळू सून’ म्हणून तो चार जणांत सांगत होता. मी म्हटलं, ‘अण्णा, कुठल्या भाषेत विचारलं रे तिनं?’ तो काही बोलला नाही.