पावतीवरची तारीख

जानेवारीत कंपन्या घरभाड्याच्या पावत्या मागू लागतात आणि माझ्यासारख्या कर सल्लागाराकडे एक विनंती हमखास येते: ‘जुन्या पावतीवरची तारीख तेवढी बदलून द्या.’ मी नाही म्हणतो.

यंदाचा तरुण खोटारडा नव्हता. जुलैपासून तो पुण्यात 15 हजार रुपये भाडं यूपीआयने भरतो. मालकांनी सप्टेंबरपर्यंतच्या तीनच पावत्या दिल्या होत्या. त्या स्कॅन करून ऑक्टोबर ते जानेवारीच्या बनवायच्या, असा त्याचा बेत होता. भाडं तर खरंच भरलंय, मग बिघडलं कुठे, हा त्याचा प्रश्न.

बिघडतं ते असं. त्याचं मूळ वेतन 40 हजार आणि घरभाडे भत्ता 16 हजार. मिळालेला भत्ता, मूळ वेतनाचे ठरावीक टक्के आणि भाड्यातून मूळ वेतनाचे 10 टक्के वजा जाता उरलेली रक्कम, या तिन्हींत जी कमी तेवढीच करमुक्त. म्हणजे महिना 11 हजार, चार महिन्यांचे 44 हजार. 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह वाचणारा कर 9,152 रुपये. हा त्याचा हक्कच आहे. पण दोन पावत्यांवर एकच क्रमांक किंवा हुबेहूब तीच सही दिसली, की तपासणारा सगळेच कागद बाजूला ठेवतो. खरं भाडंही मग संशयात सापडतं. खोट्या कागदावर उत्पन्न कमी दाखवल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, शिवाय खटल्याची टांगती तलवार.

आणि या खटाटोपाची गरजच नसते. पावती लिहिल्याची तारीख वेगळी, भाड्याचा महिना वेगळा. मालकांनी आजची तारीख घालून ‘ऑक्टोबर ते जानेवारीचं भाडं, दरमहा 15 हजार, यूपीआयने मिळालं’ असं लिहून सही केली की ती पावती खरी. त्यात दोघांची नावं, घराचा पत्ता आणि एकूण रक्कम हवी. सोबत भाडेकरार आणि बँकेचं विवरण जोडावं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर मालकांचा पॅनही लागतो. इथे ते जातंच. रोख भाड्याची पावती पाच हजारांच्या वरची असेल तर तिच्यावर एक रुपयाचा महसूल मुद्रांक लावून त्यावर सही घ्यावी.

मालक गावी असल्याने कंपनीची मुदत चुकली, तरी घाबरू नये. पगारातून कर जास्त कापला जाईल, पण विवरणपत्र भरताना सवलत मागून परतावा मिळवता येतो. हे सगळं जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी. नव्या प्रणालीत ही सवलत नाही.

त्या तरुणाला मालकांनी चार महिन्यांची एकच पावती लिहून दिली. तुम्हीही आजच मालकांना फोन करा आणि राहिलेल्या महिन्यांची पावती आजच्या तारखेने मागा.