बॅलन्सिंग झालं, तरी स्टिअरिंग का थरथरतं? उत्तर टायरवरच्या लाल ठिपक्यात

नगर-पुणे रस्त्यावर सुपा ओलांडलं, गाडीचा काटा नव्वदवर गेला की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. शंभरच्या पुढे थरथर कमी व्हायची. टायर नवे होते. मी तीनदा बॅलन्सिंग करून घेतलं. तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, "दादा, मशीनवर झीरो येतंय, आता काय करू?"

तो खोटं बोलत नव्हता. मशीन बरोबर होतं, पण आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

मशीनला काय दिसत नाही?

बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवतं आणि कोणत्या बाजूला वजन जास्त आहे ते सांगतं. त्यावर गाडीचा भार नसतो. पण कुठलाच टायर पूर्ण गोल आणि सगळीकडे सारखा कडक नसतो. एका ठिकाणी तो किंचित उंच किंवा ताठ असतो. हा त्याचा उच्च बिंदू. रिमही अगदी गोल नसतो, त्याचाही एक नीचांक बिंदू असतो. उंच भाग रस्त्याला टेकला की चाक प्रत्येक फेरीला गाडीला एक धक्का देतं. चाकाचा घेर साधारण 1.9 मीटर धरला, तर ताशी 90 किलोमीटरला सेकंदाला तेरा धक्के बसतात. चाक आणि सस्पेन्शन स्वतःहून जवळपास याच गतीने हेलकावतात, म्हणून थरथर ठरावीक वेगालाच जोर धरते. शिशाचं वजन चिकटवून हा उंचवटा जात नाही.

मग उपाय काय?

टायरचा उच्च बिंदू रिमच्या नीचांक बिंदूसमोर बसवायचा, म्हणजे एकाची उंची दुसऱ्याच्या खोलगट जागेत जिरते. यालाच मॅच माउंटिंग म्हणतात. अनेक कंपन्या नव्या टायरवर उच्च बिंदूला लाल ठिपका देतात. काही रिमवरही नीचांकाची खूण असते. पिवळा ठिपका वेगळा: तो टायरचा हलका भाग दाखवतो आणि व्हॉल्व्हजवळ बसवायचा असतो. दोन्ही ठिपके असतील आणि तक्रार थरथरीची असेल, तर आधी लाल पाहायचा. खुणांचा अर्थ कंपनीनुसार बदलू शकतो आणि जुन्या टायरवर ठिपके उरत नाहीत. अशा वेळी मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

माझ्या गाडीत काय निघालं?

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी आधी पुढची चाकं मागे टाकली. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली, म्हणजे दोष त्या दोन चाकांपैकी एकात होता. उभ्या गाडीच्या टायरला तात्पुरता सपाटपणा येतो, म्हणून गाडी थोडी पळवून आणली. मग डायल गेज लावून चाक हाताने सावकाश फिरवलं. एका चाकात फरक 0.5 मिलिमीटर होता, दुसऱ्यात 1.5. साधारण सव्वा मिलिमीटरच्या वर गेलं की शंका घ्यायची.

त्यांनी सर्वांत उंच जागी टायरवर आणि रिमवर खडूने खूण केली. हवा सोडली, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला, हवा भरली आणि पुन्हा मोजलं. फरक आला 0.3. हिशेब सोपा आहे. टायरचा दोष 0.9 आणि रिमचा 0.6. आधी दोन्ही उंचवटे एकाच जागी होते, म्हणून बेरीज 1.5. आता ते समोरासमोर आले, म्हणून वजाबाकी 0.3. नंतर बॅलन्सिंग पुन्हा केलं, कारण टायर सरकला की जुनी वजनं निरुपयोगी ठरतात. परतीच्या वाटेवर नव्वदला स्टिअरिंग शांत होतं.

अर्ध्या फेऱ्यानंतर आकडा फारसा उतरला नाही, तर नवा उंचवटा कुठे आहे ते पाहायचं. तो टायरच्या खुणेसोबत सरकला असेल तर मुख्य दोष टायरचा; रिमच्या खुणेजवळच राहिला असेल तर रिमचा. दोन्हींच्या मधे आला तर टायर आणखी थोडा फिरवून पाहायचा.

कुठे उपयोग नाही?

खड्ड्यात वाकलेला रिम किंवा आतला पट्टा सुटून फुगलेला टायर यांना हा उपाय नाही. ते बदलावेच लागतात. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर आधी डिस्क तपासा. बाहेरून घेतलेलं अलॉय हबवर नीट बसलं नसेल, तर टायर कितीही फिरवा, फरक पडणार नाही.

माझं म्हणणं एवढंच: "झीरो" दाखवून ग्राहकाला परत पाठवू नये. व्हीआरडीईसारखी लष्करी वाहनांची संशोधन संस्था असलेल्या नगरमध्ये टायरच्या दुकानात एक डायल गेज असणं जास्तीची मागणी नाही. या कामाला वेळ लागतो, त्याची वेगळी मजुरी दुकानदाराने खुशाल घ्यावी. आणि ग्राहकाने नवा टायर परत करण्याचा वाद घालण्याआधी विचारावं, "टायर रिमवर फिरवून पाहिलात का?"