खालचे मेल बघा, म्हणजे नेमके काय बघू?



मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मोबाईलवर मेल आला. कोंढव्यात राहणाऱ्या, आमच्याच शाळेतून दहावी झालेल्या एका मुलाच्या अम्मीचा. मजकूर एका ओळीचा: ‘टीचर, खालचे सगळे मेल बघून मदत करा.’ खाली सव्वीस मेल होते. मुलाचे, दुबईच्या मामूंचे, शाळेच्या क्लार्कसाहेबांचे, मुलाला प्रवेश हवा होता त्या कॉलेजचे.

पाऊण तास वाचले. एवढे कळले की दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव Sheikh छापले आहे. आधार आणि बारावीवर Shaikh आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत हे असेच असते. पण माझ्याकडून काय हवे, ते शेवटपर्यंत उमजले नाही. तीन मेलमध्ये ‘सोबत जोडले आहे’ असे होते, आणि सोबत काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. चहा ठेवला आणि मुलाच्या मोबाईलवर मूळ मेल उघडले, तेव्हा उलगडा झाला. मेलला ‘रिप्लाय’ करून नवा माणूस जोडला तर जुने कागद त्याच्याकडे जात नाहीत. ‘फॉरवर्ड’ केले तर त्या एका मेलचे कागद जातात. शिवाय नव्या माणसाला फक्त त्या मेलखाली चिकटलेला मजकूर दिसतो. मध्येच कोणी जुन्या मेलला उत्तर दिले असेल, तर तो फाटा त्याला दिसतच नाही. इथे तसेच झाले होते. क्लार्कसाहेबांनी 12 तारखेला मामूंच्या जुन्या मेलला उत्तर दिले होते: शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये Shaikh असेच आहे. सगळे प्रकरण ज्या ओळीवर सुटायचे, तीच ओळ माझ्यापर्यंत आली नव्हती. नोंद बरोबर आणि छपाईत चूक असेल, तर दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे पाठवायचा, हे मला माहीत होते.

मग तिथेच बसून मेल पुन्हा लिहिला:

‘टीचर, तुम्हाला या पत्रव्यवहारात घेत आहे. जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर मुख्याध्यापकांची सही हवी आहे, 24 तारखेपर्यंत. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव Sheikh आहे, आधार आणि बारावीवर Shaikh. रजिस्टरमध्ये Shaikh असल्याचे क्लार्कसाहेबांनी 12 तारखेला कळवले आहे. अॅफिडेव्हिट चालणार नाही, असे कॉलेजने 9 तारखेला लिहिले. त्यांना 30 तारखेपर्यंत फक्त दुरुस्तीचा अर्ज दिल्याची पोच हवी आहे. दोन्ही प्रमाणपत्रे आणि आधारची प्रत पुन्हा जोडली आहे. खालचे मेल वाचले नाहीत तरी चालेल. भाईजान, अॅफिडेव्हिटचे आता थांबवा.’

काम पहिल्याच दोन वाक्यांत आले. तारखा घातल्या त्या एवढ्यासाठी, की मला शंका आली तर नेमका तो मेल शोधता यावा. शेवटची ओळ मामूंसाठी, कारण ते अजून दुबईहून वकील शोधत होते. नवा माणूस आला की जुन्यांनाही कळायला हवे, कोणी काय करायचे थांबवावे. काम मला करायचे म्हणून माझा पत्ता To मध्ये, बाकीचे Cc मध्ये. विषयाची ओळ तशीच ठेवली. जीमेलमध्ये ती बदलली की मेल वेगळ्या साखळीत जातो.

त्या बाई म्हणाल्या, ‘पण भाईजानने अॅफिडेव्हिटवर किती मेहनत घेतली, ते लिहायला नको?’ नको. मेहनत खरी, पण सही मागणाऱ्याला ती वाचून उपयोग नाही. कॉलेजने नाकारले, एवढे मात्र लिहायलाच हवे, नाहीतर मीही दुसऱ्या दिवशी अॅफिडेव्हिटच सुचवले असते.

पाठवण्याआधी मी एकदा खालपर्यंत अंगठा फिरवला, आणि बरे झाले. चौदाव्या मेलमध्ये मामूंनी बहिणीला क्लार्कसाहेबांबद्दल दोन कडू वाक्ये लिहिली होती, आणि आम्ही क्लार्कसाहेबांनाच Cc मध्ये घेत होतो! घरात बोललेले घरातच राहायला हवे, ती अमानत आहे. अशा वेळी साखळी पुढे ढकलायची नाही. म्हणून हाच मजकूर आणि कागद कोऱ्या मेलमध्ये घेतले, विषय तोच ठेवला, आणि क्लार्कसाहेबांचे 12 तारखेचे उत्तर तेवढे खाली चिकटवले. साखळी तुटली खरी, पण त्याला इलाज नव्हता.

मुख्याध्यापकांची सही 22 तारखेला मिळाली. पोच 28 तारखेला कॉलेजात दिली. दुरुस्त प्रमाणपत्र यायचे आहे.