कोळशाचे वय आणि कोळशाची श्रेणी

चंद्रपूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे अब्बा कोळसा खाणीतून निवृत्त झाले. त्या लिहितात, ‘आपल्याकडचा कोळसा हलका, झरियाचा भारी, असे लहानपणापासून ऐकतो. माझा मुलगा म्हणतो, आपला कोळसा अजून कच्चा आहे, आणखी काही कोटी वर्षे जमिनीत राहिला असता तर तोही भारी झाला असता. हे खरे आहे का?’

मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा झरियाच्या मानाने कच्चा आहे, हे बरोबर. पण त्याला वर्षे कमी पडलेली नाहीत. चंद्रपूर, वणी भागातला कोळसा आणि झारखंडमधील झरियाचा कोळसा बहुतांशी एकाच काळातल्या थरांत सापडतो. भूवैज्ञानिक त्या थरांना ‘बराकर’ म्हणतात आणि त्यांचे वय सुमारे २८ कोटी वर्षे आहे. वय तेच, जंगलेही त्याच तऱ्हेची, तरी कोळसा वेगळा का निघाला, हे समजायचे तर सुरुवात दलदलीपासून करावी लागेल.

झाड जमिनीवर पडले तर बुरशी, जंतू आणि हवा मिळून ते काही वर्षांत संपवतात. तेच झाड साचलेल्या पाण्यात पडले तर तिथे प्राणवायू पुरेसा नसल्यामुळे कुजणे अर्धवट राहते. पाला, मुळे, साली यांचा तपकिरी, ओला, स्पंजासारखा थर साठू लागतो. हाच ‘पीट’. निलगिरीच्या डोंगरांत हजारो वर्षांपूर्वीचे पीट आजही आहे. पीट साठण्याचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर. ताज्या पीटमध्ये तीनचतुर्थांशाहून जास्त वजन पाण्याचेच असते आणि त्यातल्या काड्या डोळ्यांनी ओळखू येतात. इथपर्यंतचे काम जंतूंचे.

पुढचे काम उष्णतेचे. जमीन खचत जाते, पीटवर गाळ आणि वाळू साठते आणि थर खोल खोल जातो. खाली जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. आधी वरच्या वजनाने पाणी पिळून निघते आणि थर दबतो. मग उष्णतेने लाकडातल्या रेणूंची मोडतोड होऊन पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. प्राणवायू आणि हायड्रोजन निघून जातात, कार्बन मागे राहतो. ही झाली लिग्नाइटची पायरी. लिग्नाइट तपकिरी असतो, त्यात कधीकधी लाकडाच्या रेषा दिसतात आणि उन्हात ठेवला तर त्याचा भुगा होतो. तामिळनाडूतल्या नेयवेलीच्या लिग्नाइटमध्ये जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते. असा माल रेल्वेने लांब नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे, म्हणून तो खाणीच्या तोंडाशीच वीज केंद्रात जाळतात.

आणखी खोल, तापमान शंभर अंशांच्या आसपास आणि पुढे गेले की बिटुमिनस कोळसा तयार होतो. तो काळा असतो, त्यात चकाकते आणि निस्तेज पट्टे आलटून पालटून दिसतात आणि हात काळे होतात. या टप्प्यावर मिथेन वायू मोठ्या प्रमाणात सुटू लागतो. खोल खाणीत ज्याची भीती बाळगतात तो स्फोटक वायू हाच. तापमान दोनशे अंशांच्याही वर जाऊन तिथे लाखो वर्षे टिकले, तर शेवटी अँथ्रासाइट बनतो. तो कठीण असतो, धातूसारखा चमकतो आणि हाताला काळे लावत नाही. ओलावा आणि राख बाजूला काढून हिशेब केला, तर कोरड्या लाकडात कार्बन सुमारे ५० टक्के, पीटमध्ये साठच्या आत, बिटुमिनसमध्ये साधारण ७५ ते ९० आणि अँथ्रासाइटमध्ये ९२ टक्क्यांच्या वर भरतो.

या वाटेवर कोळसा किती पुढे गेला, यालाच कोळशाची श्रेणी किंवा ‘रँक’ म्हणतात. वेळेपेक्षा आच महत्त्वाची असते. बिर्याणीची देगची रात्रभर चुलीवर ठेवली, पण खाली निखारेच नसतील तर सकाळीही तांदूळ कच्चाच राहील. आच चांगली असेल तर तासाभरात दम बसतो. कोळशाचेही तसेच. रशियात मॉस्कोच्या दक्षिणेला तुला भागात ३० कोटींहून जास्त वर्षांचा कोळसा आहे. आपल्या गोंडवाना कोळशापेक्षा तो जुना, पण कधी खोल पुरलाच गेला नाही, म्हणून आजही तपकिरी लिग्नाइटच्या पायरीवर आहे. उलट आसाममधल्या माकुमचा कोळसा जेमतेम ३ कोटी वर्षांचा. तिथे हिमालय आणि नागा डोंगर उभे राहताना थर खोल गाडले गेले, दुमडले, तापले आणि एवढ्या कमी वेळात तो पक्का बिटुमिनस झाला.

आता झरिया आणि वर्धा. झरियाला बराकर थरांवर पुढे आणखी थरांचा जाड ढीग बसला आणि कोळसा जास्त खोल, जास्त तापमानात गेला. म्हणून तिथला बराच कोळसा ‘कोकिंग’ जातीचा आहे. बंद भट्टीत तापवला की तो आधी मऊ होतो, फुगतो आणि मग कठीण, सच्छिद्र कोक बनतो. पोलादाच्या झोतभट्टीला हाच लागतो. झरियात काही ठिकाणी तर जमिनीतून वर घुसलेल्या तप्त शिलारसाने शेजारचा कोळसा जागच्या जागी भाजून काढला. खाणकामगार त्याला ‘झामा’ म्हणतात. वर्धा खोऱ्यातला कोळसा इतका तापला नाही. तो बिटुमिनसच्या खालच्या पायरीवर किंवा तिच्या उंबरठ्यावर थांबला. त्यात ओलावा जास्त, उडून जाणारे वायू जास्त, आणि त्याचा कोक बनत नाही. पुढे जमीन वर उचलली गेली, वरचे थर झिजले आणि आच बंद झाली. आता तो आणखी दहा कोटी वर्षे तसाच उथळ राहिला, तरी पुढची पायरी चढणार नाही. खाली उतरणारही नाही, कारण शिजलेला कोळसा पुन्हा कच्चा होत नाही.

खोलीचा हा परिणाम कार्ल हिल्ट या जर्मन अभ्यासकाने १८७३ साली मांडला: एकाच विहिरीत जसजसे खाली जावे, तसतशी कोळशाची श्रेणी वाढते. थर फारसे उलटेपालटे झालेले नसतील, शिलारस घुसलेला नसेल, तर हा नियम चांगला लागू पडतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. श्रेणी वेगळी आणि बाजारातली ‘ग्रेड’ वेगळी. आपल्याकडे २०१२ पासून वीज केंद्रांना जाणाऱ्या कोळशाची ग्रेड किलोमागे मिळणाऱ्या उष्णतेवर ठरते. जी-१ म्हणजे ७००० किलोकॅलरीच्या वर आणि जी-१७ म्हणजे २२०० ते २५००. ही उष्णता राखेमुळे खूप कमी होते, आणि राखेचा शिजण्याशी संबंध नाही. राख म्हणजे दलदलीत पाण्याबरोबर वाहून आलेली माती. गोंडवाना कोळशात अशी माती भरपूर आहे, म्हणून झरियाचा उच्च श्रेणीचा कोळसाही राखेमुळे धुवावा लागतो. धुऊन राख काही प्रमाणात कमी करता येते. श्रेणी मात्र धुऊन बदलत नाही.

समजण्यासाठी दोन नमुने घेऊ. आकडे आम्ही सोयीसाठी धरले आहेत. पहिल्या नमुन्यात ओलावा ८ टक्के, राख ३०, उडणारे वायू २७ आणि स्थिर कार्बन ३५. दुसऱ्यात ओलावा २, राख ३८, उडणारे वायू ४ आणि स्थिर कार्बन ५६. राख पाहिली तर पहिला बरा वाटतो. पण श्रेणी पाहायची तर ओलावा आणि राख आधी वजा करायची. पहिल्यात उरले ६२, त्यात वायू २७, म्हणजे सुमारे ४४ टक्के: हा खालच्या श्रेणीचा बिटुमिनस किंवा त्याच्याही खालचा. दुसऱ्यात उरले ६०, त्यात वायू ४, म्हणजे सातही टक्के नाहीत: हा अँथ्रासाइट, फक्त मातीने मळलेला. कोळशाचा तपासणी अहवाल हाती आला तर हा साधा भागाकार करून पाहावा. प्रयोगशाळा याहून पक्की खूण वापरतात. कोळशाच्या चकाकत्या भागाला घासून गुळगुळीत करून त्यावरून किती प्रकाश परत येतो, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. जितका जास्त तापलेला कोळसा, तितका तो प्रकाश जास्त परतवतो, आणि राखेने या मोजणीत फरक पडत नाही.

श्रेणीचा संबंध सुरक्षिततेशीही आहे. कमी श्रेणीचा कोळसा सच्छिद्र असतो, हवेतला प्राणवायू शोषून आतल्या आत तापतो. म्हणून असा कोळसा उंच ढिगात महिनोन्‌महिने पडून राहिला तर आपोआप पेटतो. ढिगावर वाफ दिसणे, पृष्ठभाग घामेजणे, रॉकेलसारखा वास येणे, या खुणा. वरवर पाणी शिंपडून आत पोचत नाही. तापलेला भाग उकरून, पातळ पसरून थंड करावा लागतो. ढीग कमी उंचीचे, दाबून बसवलेले असावेत आणि जुना माल आधी वापरावा.

घराच्या शेगडीत दगडी कोळसा जो काळा धूर काढतो, तो त्या उडणाऱ्या वायूंचा. ते पुरते न जळता बाहेर पडतात. अँथ्रासाइट उशिरा पेटतो, पण निळसर छोट्या ज्योतीने जवळजवळ बिनधुराचा जळतो. कबाबासाठी आपण वापरतो तो लोणारी कोळसा या शिडीवर कुठेच बसत नाही. तो लाकूड हवेविना काही तासांत किंवा दिवसांत भाजून माणसाने केलेला असतो. त्याचाही धूर कमी. मात्र धूर नाही म्हणजे धोका नाही, असे कोणी समजू नये. कोणत्याही श्रेणीचा कोळसा असो वा लोणारी, बंद खोलीत जळताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. हिवाळ्यात शेगडी पेटवायची तर अंगणात, आणि निजण्याआधी ती पूर्ण विझलेली पाहूनच दार लावावे.